2 आणि 6 चा गुणाकार कशासाठी? वर्ग त्रिपदीचे अवयव टाइल्स मांडून

दहावीत वर्गसमीकरणं अवयव पाडून सोडवायला घेतली की पहिल्या-दुसऱ्या तासालाच फळ्यावर असं काहीतरी येतं: 2x² + 7x + 6. पहिला सहगुणक 2, स्थिरपद 6, त्यांचा गुणाकार 12. आता 12 चे असे दोन अवयव शोधायचे की त्यांची बेरीज 7 येईल. 4 आणि 3. मग मधल्या पदाची फोड, दोन-दोन पदांतून सामाईक बाहेर, कंस तयार. मुलांना हे पटकन जमतं आणि आठवड्याभरात पाठही होतं.

एका वर्षी शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने विचारलं, “बाई, पण 2 आणि 6 चा गुणाकार कशासाठी करायचा? मधलं पद तर 7 आहे.” मी म्हणाले, “करून बघ, उत्तर बरोबर येतं की नाही?” ती गप्प बसली. पण हे काही तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आणि ते मलाही कळत होतं. पुढच्या तासाला कार्डपेपरच्या टाइल्स घेऊन गेले. तेव्हापासून हा भाग मी टाइल्सनेच सुरू करते. ज्यांनी त्या कधी वापरल्या नाहीत अशा शिक्षकांसाठी, किंवा घरी एखाद्या मुलाला शिकवणाऱ्यांसाठी, माझ्या दोन तासांचा क्रम इथे मांडते आहे.

टाइल्स कापताना

टाइल्स तीन प्रकारच्या लागतात. मोठा चौरस, ज्याची बाजू x आणि क्षेत्रफळ x². पट्टी, जिची लांबी x आणि रुंदी 1, म्हणून क्षेत्रफळ x. आणि छोटा चौरस, बाजू 1 आणि क्षेत्रफळ 1. याला वर्गात आपण ‘एकक’ म्हणू.

माप ठरवताना पहिली चूक होते. एककाची बाजू 2 सेंमी आणि x ची 6 सेंमी घेतली, तर एका पट्टीवर बरोबर तीन एककं बसतात. एखादा चुणचुणीत मुलगा ते लगेच मोजतो आणि वहीत लिहून टाकतो, x = 3. पुढे तो सगळीकडे 3 च ठेवत जातो. म्हणून x ची लांबी एककांनी नेमकी मोजता येणार नाही अशी घ्यावी. मी एकक 2 सेंमी आणि x 6.7 सेंमी घेते. तीन एककं लावली की पट्टी थोडी उरते, चौथं लावलं की एकक बाहेर येतं. कोणी विचारलंच, “बाई, x म्हणजे किती?” तर सांगायचं, “मोजून बघ.” मोजलं की नेमका आकडा हाती लागत नाही, आणि आपल्याला तेच हवं असतं.

कार्डपेपर दोन्ही बाजूंनी वेगळ्या रंगाचा घ्या, किंवा दोन रंगांचे कागद पाठीला पाठ चिकटवा. माझ्याकडे एक बाजू निळी आणि दुसरी लाल आहे. निळी धन, लाल ऋण. ए-फोर आकाराच्या एका कागदातून या मापाचे 12 मोठे चौरस निघतात, किंवा 42 पट्ट्या, किंवा 140 एककं. दोघांत एक संच पुरतो आणि संचात 3 चौरस, 14 पट्ट्या आणि 12 एककं असली की खाली दिलेली मांडायची सगळी उदाहरणं होतात. एककं फार बारीक करू नका. 1 सेंमीची करून पाहिली होती, पंख्याच्या वाऱ्याने अर्धी उडाली.

आधी एक सोपा आयत

पहिल्यांदा x² + 5x + 6 द्या. एक चौरस, पाच पट्ट्या, सहा एककं, सगळी निळी बाजू वर. काम एवढंच: या बाराही टाइल्स वापरून एक भरीव आयत करा. मध्ये भोक नको, कडेला खाच नको, टाइलवर टाइल नको.

पाच मिनिटं काही बोलू नका. मुलं पट्ट्या इकडेतिकडे लावून पाहतात. काही जण एककं पट्टीच्या लांब कडेला चिकटवतात. तीन बसतात, उरलेल्या फटीत चौथं बसत नाही. इथे एक नियम सांगावा लागतो, आणि तो मुलांकडूनच काढून घेता आला तर उत्तम: x लांबीच्या कडेला x लांबीचीच कड लागेल, 1 च्या कडेला 1 ची. हा नियम पाळला की मांडणी आपोआप एका साच्यात येते. चौरस डावीकडे वरच्या कोपऱ्यात. त्याच्या उजव्या कडेला उभ्या पट्ट्या, खालच्या कडेला आडव्या पट्ट्या. आणि उजवीकडे खाली उरलेल्या कोपऱ्यात एककं.

सहा एककांचा त्या कोपऱ्यात स्वतःचा एक छोटा आयत होतो. दोन ओळी आणि तीन स्तंभ केले तर उजवीकडे तीन उभ्या पट्ट्या हव्यात आणि खाली दोन आडव्या. एकूण पाच. जमलं. एकच लांब ओळ केली तर सहा उभ्या आणि एक आडवी, म्हणजे सात पट्ट्या लागतील, आहेत पाच. म्हणून ती मांडणी बाद.

आता वरच्या कडेवरून बोट फिरवा: x, 1, 1, 1. म्हणजे x + 3. डाव्या कडेवरून: x, 1, 1. म्हणजे x + 2. आयताचं क्षेत्रफळ लांबी गुणिले रुंदी, आणि तेच आतल्या टाइल्सची बेरीजही आहे. म्हणून x² + 5x + 6 = (x + 3)(x + 2). ‘अवयव पाडणे’ म्हणजे क्षेत्रफळ दिलेलं असताना बाजू शोधणं, हे वाक्य इथे एकदा फळ्यावर लिहा. बोट फिरवण्याची कृती मात्र प्रत्येक जोडीकडून करून घ्या. बरीच मुलं कड वाचण्याऐवजी कडेला लागून असलेल्या टाइल्सची क्षेत्रफळं वाचतात आणि वरच्या बाजूला “x² + 3x” असं सांगतात. बोट कडेवर ठेवलं की ती चूक तिथेच कळते.

आता 2x² + 7x + 6

दोन चौरस, सात पट्ट्या, सहा एककं. दोन चौरस शेजारी शेजारी ठेवा, म्हणजे वरची कड 2x ने सुरू होते आणि डावी कड x ने. (एकाखाली एक ठेवले तरी चालतं, आयत फक्त आडवा-उभा होतो. सगळ्यांनी एकसारखं ठेवलं तर चर्चा सोपी जाते.)

इथे मुलांना एक गोष्ट हातानेच कळते. चौरसांच्या खाली आडव्या पट्ट्यांची एक ओळ लावायची तर एक पट्टी पुरत नाही, दोन लागतात, कारण वर दोन चौरस आहेत. उजवीकडे मात्र एक उभी पट्टी म्हणजे एक स्तंभ. दोन्ही बाजूंचा खर्च सारखा नाही.

हे लक्षात ठेवून सहा एककांच्या चारही मांडण्या करून बघा. एक ओळ आणि सहा स्तंभ: खाली 2, उजवीकडे 6, एकूण 8 पट्ट्या. एक कमी पडते. तीन ओळी आणि दोन स्तंभ: खाली 6, उजवीकडे 2, पुन्हा 8. पुन्हा एक कमी. सहा ओळी आणि एक स्तंभ: खाली 12, उजवीकडे 1, एकूण 13. पार बाहेर. दोन ओळी आणि तीन स्तंभ: खाली 4, उजवीकडे 3, एकूण 7. बसलं.

```
         x      x     1   1   1
   x  |  x²  |  x²  | x | x | x |
   1  |  x   |  x   | 1 | 1 | 1 |
   1  |  x   |  x   | 1 | 1 | 1 |
```

वरची कड 2x + 3, डावी कड x + 2. म्हणून 2x² + 7x + 6 = (2x + 3)(x + 2).

उत्तर मिळालं म्हणून लगेच पुढचं उदाहरण देऊ नका. मुलांना टाइल्स जागेवरच ठेवायला सांगा आणि आयताचे चार गट नुसते पाहायला सांगा. डावीकडे वर चौरसांचा गट: 2 टाइल्स. उजवीकडे वर उभ्या पट्ट्या: 3. डावीकडे खाली आडव्या पट्ट्या: 4. उजवीकडे खाली एककं: 6. सात पट्ट्या सलग एका ठिकाणी राहिलेल्या नाहीत. त्या 4 आणि 3 अशा दोन जागी वाटल्या गेल्या आहेत. वहीत आपण जी ‘मधल्या पदाची फोड’ करतो ती हीच: 4x + 3x.

आता त्या मुलीचा प्रश्न. प्रत्येक गट हा स्वतः एक छोटा आयत आहे, म्हणून त्यातल्या टाइल्स म्हणजे ओळी गुणिले स्तंभ. वरच्या कडेवर 2 स्तंभ x चे आणि 3 स्तंभ 1 चे. डाव्या कडेवर 1 ओळ x ची आणि 2 ओळी 1 च्या. चौरसांचा गट 2 × 1. एककांचा गट 3 × 2. आडव्या पट्ट्यांचा गट 2 × 2. उभ्या पट्ट्यांचा 3 × 1. पट्ट्यांच्या दोन गटांचा गुणाकार करा: 2 × 2 × 3 × 1. चौरस आणि एककं यांचा गुणाकार करा: 2 × 1 × 3 × 2. दोन्हींकडे तेच चार आकडे आहेत, फक्त जोड्या वेगळ्या लागल्या आहेत. म्हणून 4 × 3 आणि 2 × 6 दोन्ही 12.

आयत कोणताही असो, समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या गटांचा गुणाकार सारखाच येणार, कारण दोन्ही गुणाकारांत चारही कडांचे आकडे एकेकदाच येतात. 12 काढायचे ते याचसाठी: पट्ट्या कशा वाटल्या जातील हे टाइल्स न मांडता आधीच कळावं म्हणून. मी हे सांगत नाही, चार गटांतले आकडे फळ्यावर चौकटीत लिहिते आणि विचारते, “तिरके गुणाकार करा, काय दिसतं?” वर्गात दोन-तीन हात लगेच वर जातात. ‘सारखाच का येतो?’ याला मात्र वेळ लागतो. त्याला वेळ द्या, तासाची उरलेली दहा मिनिटं त्यात गेली तरी चालतील.

एक वाद, जो होऊ द्यावा

वर दोन मांडण्यांत आठ पट्ट्या लागत होत्या आणि आपल्याकडे सात होत्या. कोणीतरी शेजारच्या जोडीकडून एक पट्टी उसनी घेतोच. घेऊ द्या. आता त्याच्याकडे 2x² + 8x + 6 आहे, आणि त्याचे दोन वेगळे आयत होतात. एक (2x + 6)(x + 1), दुसरा (2x + 2)(x + 3). “माझं बरोबर”, “माझं बरोबर” सुरू होतं. दोघांचंही बरोबर आहे, पण दोघांचंही काम अर्धवट आहे.

दोन्ही आयतांत ज्या कडेवर 2x आहे ती कड मधोमध दुमडता येते: 2x + 6 म्हणजे x + 3 दोनदा, 2x + 2 म्हणजे x + 1 दोनदा. त्या रेषेवर आयत कापला की दोन्हींतून x² + 4x + 3 चे दोन समान आयत निघतात. म्हणजे तिन्ही पदांत 2 सामाईक होता आणि तो आधी बाहेर काढायचा राहिला होता: 2(x + 3)(x + 1). ‘सामाईक आधी काढा’ ही सूचना मुलं वर्षभर ऐकतात आणि विसरतात. एकाच राशीचे दोन आयत समोर असताना ती सांगितली तर लक्षात राहते, असा माझा तरी अनुभव आहे.

ऋण पदं आली की

दुसऱ्या तासाला x² − x − 6 घ्या. एक निळा चौरस, एक लाल पट्टी, सहा लाल एककं.

आधी एक प्रामाणिक कबुली द्या: आता हे खरं क्षेत्रफळ राहिलेलं नाही. उणे सहा क्षेत्रफळाचा तुकडा असू शकत नाही. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने वर्गसमीकरणं चौरस आणि आयतांच्या आकृत्यांनीच सिद्ध केली होती, पण ऋण पद येऊ नये म्हणून त्याने समीकरणांचे सहा वेगवेगळे प्रकार मांडले. आपण रंगांचा हिशेब वापरून ती अडचण टाळतो. रंगाचे नियम गुणाकाराचेच आहेत. वरची कड आणि डावी कड एकाच रंगाच्या असतील तर तिथली टाइल निळी, वेगळ्या असतील तर लाल. आणि एक निळी पट्टी व एक लाल पट्टी मिळून शून्य, म्हणून अशी जोडी हवी तेव्हा मांडणीत आणता येते. हिला आम्ही ‘शून्य जोडी’ म्हणतो.

सहा एककं दोन ओळी, तीन स्तंभ अशी कोपऱ्यात ठेवा. उजवीकडे तीन पट्ट्यांची जागा आहे, खाली दोनची. पाच हव्यात, आहे एक. चार कमी. म्हणजे दोन शून्य जोड्या आणा. आता तीन लाल आणि दोन निळ्या झाल्या. तीन लाल उजवीकडे उभ्या, दोन निळ्या खाली आडव्या. वरची कड x − 3, डावी कड x + 2. कोपऱ्यातली एककं लाल कडेखाली आणि निळ्या कडेशेजारी आहेत, म्हणून लाल. आपल्याकडेही लालच होती. x² − x − 6 = (x − 3)(x + 2).

एककं एकाच ओळीत ठेवली तर? सात पट्ट्यांची जागा होते, सहा कमी, तीन शून्य जोड्या. मग लाल चार आणि निळ्या तीन. पण जागा आहेत सहा आणि एक. चार-तीन तिथे एकरंगी बसत नाहीत. बाद.

‘एका गटात एकच रंग’ ही अट मुलं सर्रास मोडतात. शून्य जोडी हातात आली की ती जोडीनेच एका जागी ठेवण्याची ओढ असते, निळी आणि लाल शेजारी शेजारी. मग वरची कड x + 1 − 1 अशी होते आणि मुलगा म्हणतो, “बाई, आयत झाला.” ओळखण्याची खूण एककांच्या कोपऱ्यात असते. तिथे रंगाच्या नियमाने जी एककं यायला हवीत ती निळी-लाल मिसळलेली येतात, आणि आपल्याकडची सहाच्या सहा लाल आहेत. म्हणून वर्गात फिरताना मी आयत पूर्ण आहे का हे नंतर बघते, कोपरा आधी बघते.

x² − 5x + 6 मध्ये जोडीची गरजच पडत नाही. पाच लाल पट्ट्या तीन-दोन अशा वाटल्या जातात, दोन्ही कडा लाल आणि कोपरा निळा. ‘ऋण गुणिले ऋण धन’ हे इथे कोणाला वेगळं सांगावं लागत नाही.

आयत होतच नाही तेव्हा

एक उदाहरण असं द्या की ज्याचा आयत होत नाही, आणि ते आधी सांगू नका. x² + 5x + 5. पाच एककांचा आयत एकच: एक ओळ, पाच स्तंभ. त्याला सहा पट्ट्या हव्यात, आहेत पाच. संपलं.

एकदा एका मुलाने टाइल्स न हलवताच सांगितलं की हे जमणार नाही. कसं, विचारलं तर म्हणाला, “एकूण अकरा आहेत ना.” त्याचं म्हणणं चोख होतं. आयतात टाइल्सची संख्या ओळी गुणिले स्तंभ असते. 11 ही मूळ संख्या, म्हणजे एकच ओळ करावी लागेल. पण इथे दोन्ही कडांवर x च्या जोडीला निदान एक एकक असतंच, म्हणजे किमान दोन ओळी आणि दोन स्तंभ. म्हणून अशक्य. ही युक्ती फक्त सगळी पदं धन असताना आणि स्थिरपद शून्य नसताना वापरायची. शिवाय ती एकाच दिशेने चालते. x² + 4x + 5 मध्ये दहा टाइल्स आहेत, दहा मूळ संख्या नाही, तरीही आयत होत नाही.

टाइल्सची मर्यादा इथेच आहे आणि दहावीत ती स्पष्ट सांगावी लागते. आयत झाला नाही याचा अर्थ पूर्णांक सहगुणक असलेले अवयव नाहीत, एवढाच. x² + 5x + 5 = 0 ला उकली आहेत. b² − 4ac इथे 5 येतं, जे पूर्ण वर्ग नाही, म्हणून सूत्राने मिळणारी मुळं अपरिमेय आहेत. x² + 4x + 5 मध्ये तेच −4 येतं, म्हणून वास्तव मुळंच नाहीत. या दोन अपयशांतला फरक टाइल्स दाखवू शकत नाहीत. त्यासाठी सूत्राकडेच जायचं.

टाइल्स बाजूला ठेवून

6x² + 17x + 12 ला 35 टाइल्स लागतात आणि बाकावर तेवढी जागाही नसते. इथे टाइल्स उचलून ठेवायच्या आणि आयताची नुसती चौकट काढायची, चार घरांची. डावीकडे वर 6x², उजवीकडे खाली 12. उरलेल्या दोन घरांत पट्ट्यांचे दोन गट. त्यांचा गुणाकार समोरासमोरच्या कोपऱ्यांइतका, 72, आणि बेरीज 17. म्हणजे 8 आणि 9.

```
            3x      4
   2x   |  6x²  |  8x  |
   3    |  9x   |  12  |
```

कडा कशा भरायच्या? वरच्या ओळीत 6x² आणि 8x आहेत, त्यांतला सामाईक 2x डावीकडे लिहा. मग वर 3x आणि 4 येतात. खालच्या ओळीत 9x आणि 12, सामाईक 3. त्याला 3x आणि 4 ने गुणून घरं जुळतात का बघा. जुळतात. (2x + 3)(3x + 4). वहीत दोन-दोन पदांतून सामाईक काढताना आपण याच दोन ओळी लिहीत असतो: 2x(3x + 4) + 3(3x + 4).

“8 आधी लिहायचा की 9?” हा प्रश्न दरवर्षी येतो. दोन्ही करायला लावा. 9x वर आणि 8x खाली लिहिलं तर वरच्या ओळीतून 3x, खालच्या ओळीतून 4, आणि वर 2x + 3. आयत आडव्याचा उभा झाला, बाजू त्याच राहिल्या.

पडताळा घ्यायला x = 1 ठेवा: डावीकडे 6 + 17 + 12 = 35, उजवीकडे 5 × 7 = 35. सगळी पदं धन असतील तर ही म्हणजे टाइल्सची संख्याच आहे, मघाच्या अकरावाल्या मुलाची. चिन्हाची चूक यात सापडते, पण प्रत्येक चूक सापडत नाही. (3x + 2)(4x + 3) चीही किंमत 35 च येते. म्हणून पहिलं आणि शेवटचं पद वेगळं गुणून बघावं: इथे 12x² आणि 6 येतात, म्हणजे कडा उलट्या वाचल्या गेल्या आहेत.